पॉसिबलवर कार्ड नाही

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्र असतं. औषध पोटात गेल्यावर काय करतं ते शिकायचं, आणि भलतंच केलं तर त्याची नोंद कशी करायची तेही शिकायचं. वॉर्डात जायचं, औषधाने त्रास झाल्याची शंका असलेला एक रुग्ण शोधायचा, सरकारी फॉर्म भरायचा आणि खाली ठरवायचं की हा त्रास त्या औषधानेच झाला का, आणि किती खात्रीने. खात्रीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. सगळ्यात वर सर्टन, त्याखाली प्रोबेबल, मग पॉसिबल, मग अनलाइकली. तपासायचं काय, तर औषध आणि त्रास यांची वेळ जुळते का, औषध बंद केल्यावर त्रास कमी झाला का, दुसरं काही कारण असू शकतं का, आणि तेच औषध पुन्हा दिलं गेलं तेव्हा पुन्हा तेच झालं का. पोरं म्हणायची, सोपी गोष्ट आहे, जर्नलचे मार्क फुकटचे आहेत. मलाही तसंच वाटलं होतं.

ते साल यवतमाळात फवारणीचं म्हणून लक्षात राहिलं. बोंडअळीच्या भीतीने लोकांनी कपाशीवर काय काय मिसळून मारलं ते त्यांनाच ठाऊक. डोळे गेलेले, चक्कर येऊन पडलेले, फेस आलेले लोक रोज येत होते. पेपरवाले येत होते, गाड्यांचे ताफे येत होते. मग केस पेपर काढतानाच पहिला प्रश्न ठरून गेला, फवारणी केली का? हो म्हटलं की माणूस पटकन आत. नाही म्हटलं की बस बाकड्यावर. हे जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यात कळायला वेळ लागला नाही. लोकांना मूर्ख समजणारे लोक मला भारी मूर्ख वाटतात.

माझ्या ग्रुपमधली निम्मी मुलं पुण्या-मुंबईकडची. त्यांना इकडची बोली कळायची नाही, म्हणून रुग्णाशी बोलायला मला पुढे ढकलायचे. मी याच जिल्ह्यातली, केळापूरकडची. बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर नेरकडच्या एका तांड्यावरची बाई होती. तिशीची असेल. ओठ फुटून काळे झालेले, डोळे चिकटलेले, पाठीची आणि छातीची कातडी पोळल्यासारखी सुटलेली. लघवीला जाताना ती रडायची, कारण आतल्या जागेलाही फोड होते. केस पेपरवर लिहिलेलं होतं, फवारणीनंतर त्वचाविकार.

तिला बोलता येत नव्हतं, म्हणून मी नवऱ्याला विचारत होते. तो खाटेपाशी खाली बसला होता. बोलता बोलता त्याने खाटेशेजारच्या टेबलातून एक गोळी काढली, पाण्यात विरघळवली आणि चमच्याने तिच्या तोंडात घातली.

मी विचारलं, "हे काय दिलं?"

"मिरगीची गोळी हाये म्याडम. पंधरवडा झाला असन, नाईतं थोडा जास्त. झटके येत होते तिले. गावच्या डॉक्टरनं लिहून देल्ली. मी एक टाइम चुकवत नाई."

त्याला त्याचा अभिमान होता. मी पाकीट पाहिलं. कार्बामाझेपिन. आदल्याच आठवड्यात औषधशास्त्राच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं की या गोळीने क्वचित कुणाची कातडी आणि तोंड-डोळ्यांची आतली त्वचा सुटते, बहुतेक सुरुवातीच्या आठवड्यांत, आणि तेव्हा गोळी ताबडतोब बंद करायची. मी धावतच रेसिडेंट डॉक्टरकडे गेले. त्याचा चेहरा उतरला. कारण घरी काय औषध चालू आहे हे त्या पेपरवर कुणी लिहिलंच नव्हतं. फवारणी म्हटल्यावर पुढचे प्रश्न कोण विचारतो? गोळी त्याच दिवशी बंद झाली, झटक्यांसाठी दुसऱ्या जातीचं औषध सुरू झालं. पहिले काही दिवस नवे फोड येतच राहिले, तसं होतं, मग ते थांबले. तोंड भरत आलं. एक दिवस तिने मला चहाची बशी दाखवून खूण केली, की आता पिता येतो.

नवऱ्याला मी बाहेर व्हरांड्यात विचारलं, फवारणी कधी केली होती तिने? तो इकडेतिकडे पाहायला लागला.

"कायची फवारणी म्याडम. झटके येतेत तिले, मी तिले वावरात पायही ठेवू देत नव्हतो. पंप मी मारला. तेही मागल्या महिन्यात."

"मग सांगितलं कशाला?"

"तुमाले मालूम नाई? नाई म्हटलं तं खाट भेटते का?"

मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

मी फॉर्म भरला. वेळ जुळते. गोळी थांबवल्यावर सुधारणा आहे. दुसरं कारण नाही, कारण ती शेतात गेलीच नव्हती, आणि फोड उघड्या हातापायांवर नाहीत, तोंडात, डोळ्यांत आणि लुगड्याखाली आहेत. पुन्हा गोळी देऊन पाहण्याचा प्रश्नच नाही, असल्या रिअॅक्शनमध्ये तसं करणं म्हणजे जीव घेणं. म्हणून सर्टन नाही, पण प्रोबेबल. मला प्रोबेबलच हवं होतं, आणि जर्नलसाठी नाही. आमच्याकडे पद्धत अशी होती की विभागाने प्रोबेबल किंवा त्यावर ठरवलं तरच रुग्णाला लाल अक्षरांचं कार्ड मिळायचं, या माणसाला हे औषध देऊ नये म्हणून. नवं औषध दवाखान्यातून मिळणार होतं थोड्या दिवसांचं. ते संपलं की ती गावाकडच्या आरोग्य केंद्रात जाणार, आणि तिथे मिरगीला तीच जुनी गोळी. कार्ड नसेल तर ती पुन्हा तिच्या तोंडात जाणार, एवढी साधी गोष्ट.

सरांनी माझा फॉर्म वाचला आणि प्रोबेबलवर काट मारून पॉसिबल लिहिलं. म्हणाले, "केस पेपरवर फवारणी आहे. म्हणजे दुसरं कारण उपलब्ध आहे. दुसरं कारण असलं की पॉसिबल."

मी म्हटलं, "सर, फवारणी केलीच नाही तिने. नवरा म्हणतो."

"नवरा तोंडी म्हणतो. पेपर काय म्हणतो?"

नियमाने ते बरोबरच बोलत होते, त्याचाच जास्त संताप येतो. दुसरं कारण असू शकत असेल तर पॉसिबल, हे पुस्तकात आहे. पण कारण खरंच होतं का हे वीस पावलांवरच्या वॉर्डात जाऊन विचारायला पुस्तकाने मनाई केली नव्हती. मी रेसिडेंटला म्हटलं, पेपरवरची नोंद दुरुस्त करा. त्याने काखा वर केल्या. फवारणीच्या रुग्णांची नावं वर गेली होती, त्यातलं एक नाव चुकीचं होतं असं आता कोण सांगणार?

मग मी नवऱ्याच्या मागे लागले. दोन दिवस तो नाही म्हणाला. नाव कटलं तं खाटेवरून काढून देतीन, एवढंच धरून बसला. तिसऱ्या दिवशी स्वतःहून आला, टोपी हातात घेऊन, आणि माझ्यासोबत सरांसमोर उभा राहिला. सगळं खरं सांगितलं. खाटेसाठी खोटं बोललो म्हणाला.

सरांनी त्याला शांतपणे विचारलं, "तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस?"

"आता खरं बोलून राह्यलो साहेब."

"तेव्हाही हेच म्हणाला असशील."

सर मला म्हणाले, जबाब बदलणाऱ्या माणसाच्या शब्दावर कॉजॅलिटी, म्हणजे त्रासाचं कारण, ठरत नाही, आणि फॉर्म चांगला भरलाय, मार्कांची काळजी करू नकोस. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की जर्नल तिथेच टेबलावर आपटावं. आपटलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या पोरीचं कोण ऐकतं?

कार्ड मिळालं नाही. डिस्चार्जच्या कागदावर तेच, फवारणीनंतर त्वचाविकार, आणि खाली नव्या औषधाचं नाव. जुनी गोळी बंद का केली याबद्दल एक अक्षर नाही. सहीशिक्क्याशिवाय माझ्या चिठ्ठीला कोण विचारणार, म्हणून मी नवऱ्याकडून गोळीचं नाव पाठ करून घेतलं. तो पोरांसारखा म्हणत राहिला, कार्बा-माझे-पिन, कार्बा-माझे-पिन. कुणीही दिली तर घ्यायची नाही, सांगायचं की या गोळीने हिची कातडी गेली होती. बायको बाजूला पदर डोळ्यांवर ओढून उभी होती, उजेड अजून सोसत नव्हता तिला. जाताना तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

कापसाचा वेचा सुरू झाला तेव्हा ती परत आली. या वेळी खाट मागावी लागली नाही, स्ट्रेचरवरूनच आत नेली. अंगाला हात लावला की कातडी हाताला येत होती. नवरा मागून चालत होता. मी त्याला ओरडून विचारलं, तुला सांगितलं होतं ना? नंतर मला कळलं की मी काय विचारलं. त्याने तिथे सांगितलं होतं. औषध संपलं, आरोग्य केंद्रात ती गोळी पुढे आली, त्याने तिथल्या माणसाला नाव वाचायला लावलं आणि नाही म्हणाला. तिथल्या डॉक्टरने डिस्चार्जचा कागद पाहिला. "इथं तर फवारणी लिहिलंय. गोळीचं कुठं लिहिलंय दाखव." त्याला दाखवायला काही नव्हतं. तरी त्याने गोळ्या दोन दिवस तशाच ठेवल्या. मग तिला चुलीपाशी झटका आला, आणि त्याने गोळी दिली.

या वेळी गोळीला महिना-पंधरवडा लागला नाही. दुसऱ्यांदा लागत नाही.

सर वॉर्डात आले. पहिल्यांदाच आले. फॉर्म नवा काढला आणि मला सांगितलं, लिही. वेळ जुळते, फवारणीचा हंगाम संपलेला, दुसरं कारण नाही, आणि पुन्हा तेच औषध गेल्यावर पुन्हा तेच झालं. मग म्हणाले, "आता सर्टन लिहिता येईल." त्यांचा आवाज खाली गेला होता, हे मी मान्य करते. पण त्यांनी वाक्य पूर्ण केलं.

ती गेली. परिणामाच्या रकान्यात मृत्यूसमोर खूण मीच केली. विभागातून कार्ड तयार होऊन आलं, लाल अक्षरांचं, तिच्या नावाचं, सहीशिक्क्यासह. ते फाइलला लावायचं की नातेवाइकाला द्यायचं यावर क्लार्क आणि सिस्टरमध्ये बोलाबोली झाली, आणि शेवटी ते माझ्या हातात दिलं.

नवरा बाहेर शववाहिकेपाशी उभा होता. मी कार्ड दिलं. त्याने उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "काय लिवलं म्याडम?"

मी वाचून दाखवलं. या रुग्णास कार्बामाझेपिन देऊ नये.

तो म्हणाला, "हेच तं मी त्यायले सांगून राह्यलतो."