पातोळ्यांचं निवेदन

जयवंत मेस्त्रीला देवाने तोंड दिलं आणि मंडळाने माईक दिला. दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं ते कांदिवलीच्या आमच्या वसाहतीने वर्षानुवर्षं भोगलं आहे. भोगलं म्हणते, पण खरं सांगायचं तर सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी सत्यनारायणाचा प्रसाद खाऊन माणसं घरी न जाता सतरंजीवर बसून राहायची ती त्याच्यासाठीच. बक्षिसं काय, स्टीलचे पेले आणि डबे. ते आपल्या पोराला मिळाले नाहीत तर इतरांच्या पोरांना मिळताना बघायला कोण थांबतं?

दिवसा जयवंत विजेचं सामान विकणाऱ्या कंपनीत कारकुनी करायचा. अंगाने काटकुळा, पुढचे दात किंचित पुढे, आणि बोलताना मान अशी वाकडी करायचा की समोरच्याला वाटावं, याला काहीतरी गुपित सांगायचं आहे. लग्नाच्या जुन्या पत्रिका तो जपून ठेवायचा. त्यांच्या कोऱ्या बाजूवर निवेदन लिहायचा, एका बक्षिसाला एक पत्रिका. साधा कागद माईकजवळ खरखरतो आणि वाऱ्याने उडतो, जाड पत्रिका नाही उडत. वर स्पर्धेचं नाव, खाली तिसरा, दुसरा, पहिला अशा क्रमाने नावं, आणि तळाशी पुढच्या स्पर्धेवर न्यायचं वाक्य. "वहिनी, नावं काय कुणीही वाचील," तो मला सांगायचा. "नाव घेतल्यापासून माणूस स्टेजवर पोचेपर्यंत जी मोकळी जागा असते ना, तिथे खरी परीक्षा."

मी रत्नप्रभा, मंडळाच्या महिला विभागाची. टेबलावरचं बक्षीस उचलून पाहुण्यांच्या हातात देणं हे माझं काम, त्यामुळे दर वर्षी त्याच्या शेजारीच उभी. त्याचे विनोद मी सगळ्यांत जवळून ऐकले, आणि सगळ्यांत आधी रागावलेही मीच.

तो त्र्याऐंशीचा समारंभ. गिरणी संपाला वर्ष होऊन गेलं होतं. तळमजल्यावरच्या विमला घाडीचा नवरा धोंडिराम घरी बसून होता. आमच्या वसाहतीत तसे बरेच होते, पण धोंडिराम गॅलरीत बसायचा, म्हणून तो दिसायचा. पाककलेत विमलाचा पहिला नंबर आला, घावन-घाटलं केलं होतं तिने. जयवंतने नाव घेतलं. ती पदर सारखा करत उठली, अर्ध्या वाटेवर आली, आणि हा मान वाकडी करून म्हणाला, "विमलावहिनींना स्वयंपाकाची चिंताच नाही. चव बघायला मिस्टर दिवसभर घरीच!"

लोक हसले. खूप हसले, हेच वाईट. विमला थांबली, वळली आणि आली त्या वाटेने परत गेली. मी जयवंतकडे असं बघितलं की त्याच्या हातातली पुढची पत्रिका खाली पडली. बक्षीस दुसऱ्या दिवशी मीच घरी नेऊन दिलं. तिने ते न बघता फळीवर ठेवलं आणि मला बसायला सांगितलं. त्या मोकळ्या जागेचं एवढं कौतुक करणाऱ्या माणसाने त्याच जागेत एका बाईला उघडं पाडलं, याची मला भयंकर चीड आली होती. वर्षभर मी त्याच्याशी कामापुरतं बोलले.

स्पर्धा गणपतीत आणि बक्षिसं सव्वीस जानेवारीला, ही आमची रीत. पुढच्या गणपतीत पुन्हा स्पर्धा झाल्या. विमला भाग घेणार नाही असं मला वाटलं होतं. तिने पातोळ्या ठेवल्या. हळदीची पानं तिच्या गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यातली. परीक्षकांनी एक एक खाल्ली आणि दुसरी मागितली. पहिला नंबर.

बक्षीस समारंभ जवळ आला तसे आमचे अध्यक्ष मार्तंडराव गरजले, "या वेळी विनोद बंद. नावं वाचायची आणि बसायचं." जयवंतने मान डोलावली, पण संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, विमलावहिनी स्टेजवर आल्या पाहिजेत."

"मग?"

"माईकवरून माफी मागतो. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर मागतो."

"शहाणाच आहेस!" मी म्हटलं. "म्हणजे जे विसरलेत त्यांनाही आठवण करून दे. चारशे माणसं माना वळवून तिच्याकडे बघतील. माफी मागायची तर तिच्या घरी जाऊन माग."

एकटा जायला तो घाबरला, म्हणून मी बरोबर गेले. धोंडिराम आता भाड्याची रिक्षा चालवत होता, घरी नव्हता. विमला तांदूळ निवडत होती. जयवंत उभ्या उभ्याच बोलला. नेहमी घडाघडा बोलणारा माणूस, पण त्या दिवशी शब्द तुटत होते.

"चुकलंच माझं," एवढंच नीट बाहेर आलं.

विमलाने सुपातून नजर वर केली नाही. "तुमी इलात, च्याय घेवा. मी येतलंय, खाली बसतलंय. पण वर येवचंय नाय."

"वहिनी, पण का?"

"नाव घेतलात की सगळ्यांका ताच आठावतला. मी चलत येय परयात सगळे तांच्याकडे बघतले." तांच्याकडे म्हणजे धोंडिरामकडे. "माजा काय नाय. तेंनी मान खाली घातल्यानी ना, ता माका बघवणा नाय."

चहा झाला. उठता उठता जयवंतने विचारलं, "पातोळ्या करतात कशा? पत्रिकेवर लिहायला." विमलाने सांगितलं, तुटक तुटक, पण सांगितलं. तांदळाच्या पिठाची उकड नव्हे, सरसरीत भिजवलेलं पीठ पानावर पातळ सारवायचं, गूळ-खोबरं घालायचं, पान दुमडायचं, मोदकासारखं उकडायचं. जाताना डब्यात उरलेली दोन हळदीची पानंही दिली. ती का दिली ते तिलाच ठाऊक.

समारंभाच्या दिवशी जयवंत इस्त्रीचा शर्ट घालून आला, पण चेहरा उतरलेला. पाहुणे पार्ल्याचे निवृत्त मुख्याध्यापक. विमला मागच्या भिंतीला टेकून बसली होती, शेजारी धोंडिराम, खाकी शर्टातच आलेला. ठरलं असं होतं की पाककलेचं बक्षीस शेवटी, गर्दी थोडी पांगल्यावर.

सुरुवात जयवंतने जपून केली. रांगोळीची बक्षिसं झाली. "रांगोळी पुसू नये म्हणून आपण सगळे चार दिवस भिंतीला चिकटून चाललो. आता वळूया जे कशालाच न चिकटता पळतात त्यांच्याकडे, धावण्याची स्पर्धा!" लोक हसले. मार्तंडरावांनी भुवया चढवल्या. मग संगीत खुर्ची. "ही आमच्या कार्यकारिणीची आवडती स्पर्धा. फरक एवढाच की आमच्याकडे संगीत थांबलं तरी कुणी उठत नाही." आता मार्तंडरावांनाही हसू दाबता येईना. मंडप गच्च भरला होता.

तेवढ्यात मार्तंडराव माझ्या कानाशी आले. पाहुण्यांना निघायचंय, बहिणीकडे जेवायला जायचंय, पाककलेची बक्षिसं त्यांच्याच हातून द्यायची आहेत, ती आत्ताच घ्या. मी जयवंतला सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाककलेकडे नेणारं वाक्य त्याने हस्ताक्षर स्पर्धेच्या पत्रिकेवर लिहिलं होतं, आणि ती अजून कितीतरी खाली होती. मी टेबलावरचे डबे भराभर पुढे ओढले. पहिला, दुसरा, तिसरा यांची सरमिसळ होऊ नये म्हणून जीव मुठीत.

जयवंतने सगळ्या पत्रिका खिशात घातल्या. माईक धरला.

"खुर्चीसाठी धावणारे आपण पाहिले. आता ज्यांना दिवसभर बसायला खुर्ची मिळत नाही त्यांचा मान. पाककला स्पर्धा!"

बायकांनी जी टाळी वाजवली, तशी टाळी आमच्या मंडपात मी ऐकली नव्हती. तिसरं बक्षीस गेलं, दुसरं गेलं.

"पहिलं बक्षीस, पातोळ्यांसाठी, सौ. विमला धोंडिराम घाडी."

ती उठली नाही. माना वळायला लागल्या. तीच ती मोकळी जागा, आणि जयवंतने श्वास घेतला.

"त्या येईपर्यंत माझी हकिकत ऐका. परवा मी घरी पातोळ्या केल्या." माना पुन्हा स्टेजकडे वळल्या. "कृती खुद्द विजेत्यांकडून घेतली होती, पानं त्यांच्याच डब्यातली. म्हणजे चुकलं तर दोष फक्त माझा. पीठ सारवलं, सारण भरलं, उकडलं. पान सोडवलं तर पातोळी अर्धी पानाला, अर्धी माझ्या बोटांना. आमची ही म्हणाली, यातलं खायचं नक्की काय? मी म्हटलं, पान सोडून काहीही. तिने खाऊन बघितलं आणि म्हणाली, मग पानच द्या."

मंडप फुटला. पोरं सतरंजीवर लोळायला लागली. त्या हसण्यात कुणीही मागे बघत नव्हतं, सगळे जयवंतकडे बोट दाखवत होते. धोंडिरामही हसत होता, मान वर करून, तोंड उघडं टाकून. मला ते लांबूनही स्वच्छ दिसलं. विमलाने त्याच्याकडे बघितलं. त्याने तिच्या कोपराला हलकेच ढोसलं, जा म्हणून.

ती आली. जयवंत बोलतच राहिला, चिकटलेली बोटं कशी धुतली त्याची हकिकत, ती पायरी चढेपर्यंत. मग गप्प झाला आणि बाजूला सरकला. पाहुण्यांनी डबा दिला. मी सांगते, माझे डोळे भरले आणि मी ते पुसलेही नाहीत.

विमला नमस्कार करून खाली उतरणार, एवढ्यात थांबली. माईकपाशी गेली. जयवंत पांढराफटक. मीही घाबरले, म्हटलं आता ही बाई वर्षभराचं साठवलेलं काढते.

"भावोजी," तिचा आवाज सगळ्या मंडपात घुमला तशी ती स्वतःच दचकली, पण थांबली नाही. "पान गरम गरमच सोडवलात मां?"

जयवंतने कान धरल्यासारखी मान हलवली. हो.

"जरा थंड होवंक देवचा. थोडो दम धरूक होयो."

आधीचं हसू काहीच नव्हतं म्हणायचं. लोक उठून टाळ्या वाजवत होते, आणि सगळ्यांत मागे खाकी शर्टातला माणूस दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता. जयवंतने खिशात हात घालून हाताला लागली ती पत्रिका काढली, उलटी धरली, सुलटी धरली. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. शेवटी ती त्याने माझ्या हातात दिली, आणि त्या वर्षी हस्ताक्षर स्पर्धेची नावं मी वाचली.