एकच खेळ, तोही बॉन्डवर

अकरा वर्षांच्या पोरीचं खेळणं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात, हे मी केजला तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडं उभी राहून पाहिलंय. नुसतं पाहिलं असतं तर बरं होतं. साक्षीदार म्हणून खाली सही माझी आहे. आजही आठवलं की स्वतःच्याच हातावर छडी मारावीशी वाटते.

मी शाळेतली खेळाची बाई. पोरगी सहावीत, बाप मांजरसुंब्याच्या रस्त्यावर जीप चालवायचा. काय खेळायची ही! मधल्या सुट्टीत लंगडी, शाळा सुटली की खो-खो, पोरांची कबड्डी चालली की मधी घुसायची, मे महिन्यात मामाच्या विहिरीत दिवसभर पोहायची. कमरेला, पायाला, खांद्याला रोज वेगळं काम. वाढत्या अंगाला हेच लागतं, हे मला शिकवलेलं होतं. पण शिकलेलं आठवायला अक्कल जाग्यावर लागते ना!

गावाबाहेर क्रिकेटची अकॅडमी निघाली. तिथल्या सरांनी तिनं पोरांच्या क्रिकेटात टाकलेला एक चेंडू बघितला आणि बापाला गाठलं. "हिच्या हातात लई पेस हाय. पण तीन वर्षं दुसरा कुठलाच खेळ न्हाई. लिहून द्या." बाप माझ्याकडं आला, "मॅडम, तुमी सही करा. पोरीचं सोनं होईल." मी केली. का? तर शाळेच्या भिंतीवर तिचा मोठा फोटो मला तिथंच दिसायला लागला होता. दुसऱ्या दिवशी मी खो-खोच्या यादीतून तिचं नाव खोडलं.

मग सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, रविवारी मॅच. एक चेंडू चुकला की मैदानाला दहा फेऱ्या. दिवाळी नाही, मे महिना नाही. खरं तर मुलाचं वय जितकं, आठवड्याला फार तर तितकेच तास सराव. एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. वर्षातले काही महिने तो खेळच बंद. एवढा साधा हिशोब खेळाच्या मास्तरांना माहीत असायला हवा. हिचे तास पंचवीसच्या वर जात होते.

वर्षभरानं ती वर्गात एका अंगावर कलून बसायला लागली. मी तडक अकॅडमीत गेले. "सर, पोरीची कंबर दुखते. बॉलिंग थांबवा." सर हसले. "अंग आखडलं असंल, तेल लावा. आणि मॅडम, दहा खेळ खेळणारी पोरं पुढं कुठं दिसतात का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "जिम्नॅस्टिकसारख्या एखाद्या खेळात लहानपणीच सुरुवात करतात, मान्य. क्रिकेटला कसली घाई? चौदा-पंधरापर्यंत चार खेळ खेळू द्या, मग एक धरा. तोवर काही बिघडत नाही." सर म्हणाले, "बॉन्डवर सही तुमचीच हाय की." मी तिथून थेट तिच्या बापाकडं गेले आणि पोरीला बीडला न्यायला लावलं.

बीडच्या हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. कमरेच्या मणक्याला बारीक चीर. एकच हिसका, तोच, त्याच बाजूला, कच्च्या हाडाला रोज शेकडो वेळा. पडली नाही, कुणी धक्का दिला नाही. आम्ही मोठ्यांनी मिळून हाड मोडलं! "भरून येईल," डॉक्टर म्हणाले, "पण काही महिने बॉलिंगचं नाव काढायचं नाही. ही परत खेळेल का, ते तुम्ही तिला किती विश्रांती देता त्यावर आहे."

बाप दवाखान्याच्या दारातच माझ्यावर ओरडला, "मॅडम, तुमी शिकलेल्या. मला का सांगितलं न्हाई?" खरंच होतं. मी म्हटलं, "दादा, चुकलं माझं." तो पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. तिकडं अकॅडमीच्या सरांनी साधा फोनही केला नाही. दुसरी पोरगी मिळाली असेल, स्टॅम्प पेपरला काय तोटा!

आता पालक सभेत मी ओरडून सांगते. पोरं दुखतंय म्हणाली की नखरे समजू नका. खेळ बदलला म्हणजे लक्ष फुटत नाही. खो-खोतलं वळणं क्रिकेटच्या मैदानात उपयोगी पडतं, कबड्डीतला अंदाजही पडतो. काही बाप माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर अकॅडमीची फी विचारतात. डोकं फिरतं अगदी.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी हळूहळू खेळायला परवानगी दिली. मी तिला खो-खोच्या मैदानावर घेऊन आले. तिच्या वर्गातल्या पोरी बसल्या होत्या, हाका मारत होत्या. ती रेषेच्या बाहेरच उभी. मला वाटलं, कमरेची भीती वाटत असेल. म्हटलं, "दुखतंय का गं?"

"न्हाई."

"मग जा की."

तिनं आधी पोरींकडं बघितलं, मग माझ्याकडं. हळूच विचारलं, "मॅडम, हितं चुकलं तर चालतं का?"