तीन रकान्यांचं रेटकार्ड

धम्मदिनाताईंच्या स्टुडिओचं जुनं रेटकार्ड मीच छापलं होतं, हे आधी कबूल करतो. भिवंडीत एकाच इमारतीत खाली माझा छापखाना आणि वर त्यांचा स्टुडिओ. चार घड्यांचं, सोनेरी फॉइलचं ते कार्ड मला फार आवडायचं. त्यात नऊ पॅकेजेस होती. सिल्व्हर, सिल्व्हर प्लस, गोल्ड, तिथून थेट रॉयल डायमंडपर्यंत. ताईंचे यजमान रवींद्र यांनी ती हौसेनं रचली होती. माणूस कॅमेऱ्यामागे उस्ताद, पण गिऱ्हाइकासमोर बसला की घामाघूम.

धम्मदिनाताई आधी राहनाळच्या गोदामात डिस्पॅचला होत्या. बारा वर्षं खोक्यांवर लेबलं लावून घेतली आणि शेवटची चार वर्षं तिथल्या सुपरवायझर. स्टुडिओचं काम वाढलं तशी नोकरी सोडून त्या वर येऊन बसल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पाहिलं की लोक येतात, अल्बम बघून खूश होतात, मग कार्ड हातात घेतात आणि गप्प होतात. "विचार करून सांगतो," म्हणून जिना उतरतात. त्यातले बरेचसे परत येत नाहीत.

"भाव जास्त वाटत असेल," रवींद्र म्हणाले.

"भावापर्यंत पोचतात कुठे?" ताई म्हणाल्या. "काल ती मुलगी तीनदा विचारत होती, गोल्डमध्ये हळद आहे का. गोल्डमध्ये नाही, पण सिल्व्हर प्लसमध्ये आहे. मलाच शोधावं लागलं."

त्यांनी एक वही घातली. महिनाभर येणाऱ्या प्रत्येकानं काय विचारलं ते जसंच्या तसं लिहायचं, उत्तर लिहायचं नाही. महिन्याअखेर वही घेऊन त्या माझ्याकडे खाली आल्या. छत्तीस जण येऊन गेले होते आणि प्रश्न फिरून फिरून तेच. हळद धरली आहे का? माणसं किती येणार? किती वाजेपर्यंत थांबणार? अल्बममध्ये फोटो किती? हातात कधी मिळणार? वरून अजून किती लागतील?

"गोदामात लेबल वाचून हमालानं प्रश्न विचारला, तर चूक हमालाची नसते," त्या म्हणाल्या. "लेबलाची असते."

मग पंधरा दिवस त्या कागदावर रेघा मारत होत्या. पॅकेजेस तीनच ठेवली आणि धातूंची, हिऱ्यांची नावं काढून टाकली. 'एक दिवस' म्हणजे फक्त लग्न. 'दोन दिवस' म्हणजे हळद आणि लग्न. 'तीन दिवस' म्हणजे त्यात साखरपुडाही. तीन उभे रकाने, शेजारी शेजारी. प्रत्येकात त्याच ओळी, त्याच क्रमानं: कार्यक्रम, माणसं, तास, अल्बम, व्हिडिओ, कधी मिळेल आणि एकूण रक्कम. एका रकान्यात एखादी गोष्ट नसेल तर तिथे जागा मोकळी सोडायची नाही, 'नाही' असं लिहायचं. ड्रोन, एलईडी स्क्रीन, लग्नाआधीचं शूटिंग, जास्तीचा तास, अल्बमची कमी-जास्त पानं हे सगळं खाली वेगळ्या चौकटीत, ज्याच्या त्याच्या भावासह.

रवींद्रना ते पटेना. "तीनच? लोकांना वाटेल, यांच्याकडे काही नाहीच. आणि आकडे असे उघडे टाकले तर समोरचा स्टुडिओवाला दोन हजार कमी करून बसेल."

"करू दे. त्याच्या दोन हजार कमीमध्ये काय काय नाही, हे गिऱ्हाइक आपलं कार्ड शेजारी ठेवून बघेल."

छापण्याआधी त्यांनी साध्या कागदाची एक प्रत शेजारच्या टेलर चंद्राताईंच्या हातात दिली. "वाच आणि तुला काय मिळणार ते सांग. मी काही बोलणार नाही." चंद्राताई बरोबर वाचत गेल्या, मग अडकल्या. "अल्बम चाळीस शीट. म्हणजे फोटो चाळीसच? पासष्ट हजारांत?" धम्मदिनाताई ओठ मिटून उभ्या राहिल्या. वर आल्यावर त्यांनी ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'अल्बम ८० पानांचा, साधारण २५० फोटो.' आमच्या धंद्यात शीट म्हणजे दोन पानं, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलंय की बाहेरच्याला ते ठाऊक नसेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

छापील गठ्ठा घेऊन मी वर गेलो, तेव्हा दिघाशीचे केसरीनाथ आले होते. जमीनजुमल्याचा माणूस. सोबत मुलगी क्षितिजा, तिचंच लग्न, आणि केसरीनाथांची आई, आक्का. दोन स्टुडिओ पालथे घालून आले होते आणि वैतागले होते. ताईंनी शाई ताजी असलेलं कार्ड समोर ठेवलं.

आक्कांनी नातीला म्हटलं, "वाच गो मोठ्यानं. आमची हलद कय हाय?"

"दुसऱ्या रकान्यात, आक्का. हळदीला दोन माणसं, सहा तास. लग्नाला तीन माणसं, दहा तास."

"सहा तासांत आमची हलद सरते व्हय? पावनं बारापातूर नाचतान."

"जास्तीचा तास खाली लिहिलाय," क्षितिजानं बोट ठेवलं. "आणि सगळे फोटो पंधरा दिवसांत पेनड्राइव्हवर. आपण निवडून दिले की दीड महिन्यात अल्बम."

आक्कांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग हसून म्हणाल्या, "बरा हाय. पर पाच हजार कमी कर."

रवींद्र लगेच मान डोलावणार होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "आक्का, भाव कमी करत नाही, कारण मग शेजारच्या गावाला वेगळा सांगावा लागेल. पण ऐंशी पानांऐवजी साठ पानं घेतलीत तर पाच हजार उतरतील. ते खाली लिहिलंय. चालेल?"

"पानं न्हाय कमी करायची," आक्का म्हणाल्या. "सगला गाव यायला पायजे त्यात." आणि केसरीनाथांकडे वळून, "दे रे इसार. हिच्यापाशी लपवालपवी न्हाय."

ते जिना उतरल्यावर रवींद्र खुर्चीत टेकले. म्हणाले, "मी एक शब्द बोललो नाही आणि बुकिंग झालं!" त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. आपल्याच घरातल्या माणसाकडे नव्यानं बघितल्यासारखा.

त्या हंगामात बुकिंग वाढलं. पण मला त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट: लग्न झाल्यावर 'आम्हाला वाटलं होतं ड्रोन धरलाय' असलं एकही भांडण आलं नाही. बौद्ध, आगरी, मुसलमान, कुणीही आलं तरी पहिला प्रश्न आता असायचा, "तारीख मोकळी आहे का?"

डिसेंबरात दापोड्याच्या हॉलवर तालुक्यातल्या फोटोग्राफरांचा मेळावा झाला. रवींद्रना बोलायला बोलावलं. ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, "मी फोटो काढतो. कार्ड बायकोनं केलंय. तीच बोलेल." साठ-सत्तर पुरुष माना वळवून मागे बघू लागले. धम्मदिनाताई उठल्या, पदर खोचला आणि सरळ चालत पुढे गेल्या. कागद नाही, काही नाही.

"आपापली कार्डं काढा," त्या म्हणाल्या. पहिल्या रांगेतल्या एकाचं जाडजूड, चकचकीत कार्ड त्यांनी उचललं आणि दारापाशी उभ्या असलेल्या रामनाथ वॉचमनला दिलं. येत्या वैशाखात त्याच्या मुलीचं लग्न होतं. "काका, वाचा आणि यात तुम्हाला काय काय मिळणार ते सांगा. ज्यांचं कार्ड आहे त्यांनी मध्ये बोलायचं नाही."

रामनाथकाकांनी चष्मा लावला, एक घडी उलगडली, दुसरी उलगडली, कार्ड फिरवून पाहिलं. कार्डाचा मालक अर्धा उठला. "काका, ते मागच्या बाजूला—"

"बसा," ताई म्हणाल्या. सगळा हॉल हसला, आणि मालकही हसत खाली बसला. मग एकेकजण खिशातून पेन काढू लागला.