पाकिटावरचे वीस थेंब

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी एका पेशंटला मिनिटाला एक हजार आठशे पंच्याहत्तर थेंबांनी सलाईन लावलं. कागदावर लावलं, म्हणून तो वाचला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी माझं उत्तर दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "हे सलाईन आहे की खडकवासल्याच्या धरणाचा विसर्ग?"

मी नापास झाले. गणित माझं कधीच बरं नव्हतं. दहावीतही ते माझ्यावर उपकार केल्यासारखं सुटलं होतं.

आमचं घर खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. बाबा तिथेच कामाला. भंडाऱ्याकडून पुण्यात येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, तरी त्यांची भाषा काही पुण्यात यायला तयार नव्हती. रविवारी विहारातून वंदना करून आले की ते खुर्चीत बसून हाताला लागेल ते वाचायचे. वर्तमानपत्र संपलं की बिस्किटाचा पुडा. तो संपला की काडेपेटी. डब्यावर काय लिहिलंय ते पूर्ण वाचल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, ही कारखान्यातली सवय त्यांनी घरी आणली होती. आई म्हणायची, "मीठसुद्धा यांना विचारून खारट होतं."

माझा निकाल त्यांनी असाच पूर्ण वाचला. मग एवढंच म्हणाले, "पुन्हा एकदा बस. दुसऱ्यांदा गेली तर कॉम्प्युटर शिकायचं."

तेव्हा पुण्यात दर चौकात जिना होता आणि दर जिन्याच्या वर कॉम्प्युटर क्लास. शेजारच्यांची मुलगी खडकी स्टेशनाजवळच्या क्लासला जायची आणि तिला एका कंपनीत खुर्ची, टेबल, पंखा असं सगळं मिळालं होतं. बाबांनी त्या क्लासचा अर्ज आणून ठेवलासुद्धा होता. तो पत्र्याच्या ट्रंकेत, माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर घडी घालून पडला होता. मला नर्सच व्हायचं होतं. रात्रपाळी, डेटॉलचा वास, पेशंटची बोलणी, सगळ्यासकट व्हायचं होतं. ट्रंक उघडली की आधी तो अर्जच दिसायचा.

हॉस्टेलवर परतले तेव्हा आमच्या ट्यूटर सिस्टरनी मला समोर बसवलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त कोरा कागद पुढे सरकवला.

"विचारलंय काय तुला?"

"ड्रिप रेट."

"मराठीत सांग."

"मिनिटाला किती थेंब."

"मग थेंब आणि मिनिटं. तुला दिलेत मिली आणि तास. एक हजार मिली, आठ तासांत. आधी मिलीचे थेंब कर. सलाईनच्या नळीच्या या सेटमधून एक मिली म्हणजे पंधरा थेंब पडतात. किती झाले?"

"पंधरा हजार."

"आता तासांची मिनिटं कर."

"आठ साठे चारशे ऐंशी."

"आता भाग."

पंधरा हजार भागिले चारशे ऐंशी. सव्वाएकतीस आले. "पाव थेंब पडत नाही," सिस्टर म्हणाल्या, "म्हणून एकतीस." मग माझा जुना पेपर काढून त्यांनी दाखवलं की मी पंधरा हजारांना नुसत्या आठांनी भागलं होतं. आठ तासांचं पाणी मी आठ मिनिटांत संपवलं होतं. मला इतकं हसू आलं की सिस्टरनाही आवरेना.

त्यांचं एकच सांगणं होतं. उत्तर आलं की बाटलीकडे बघायचं आणि स्वतःला विचारायचं, हे असं पडेल का? एकतीस म्हणजे साधारण दोन सेकंदांना एक थेंब. डोळ्यांना पटतं. अठराशे म्हणजे धार.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण माझ्या खोलीतली मैत्रीण, जी या परीक्षेला पहिल्यांदाच बसणार होती, हुशार होती, आणि हुशार माणसांना दुसऱ्याचे कष्ट बघवत नाहीत. "एवढं काय भागत बसतेस?" ती म्हणाली. "तासाला किती मिली ते काढ आणि चाराने भाग. एक हजार भागिले आठ, सव्वाशे. सव्वाशे भागिले चार, एकतीस. झालं."

खरंच झालं. मला तर जादूच वाटली. खरं म्हणजे त्यात जादू नव्हती. तासाची साठ मिनिटं आणि मिलीचे पंधरा थेंब, साठात पंधरा चार वेळा जातात, एवढंच. पण ते तेव्हा कोण विचारतंय? आयुष्यात पहिल्यांदा मला गणित पटापट येत होतं. जेवताना, आंघोळीच्या रांगेत, स्वारगेटला बसची वाट बघताना मी जगातल्या सगळ्या बाटल्या चाराने भागत होते.

त्या आनंदात रविवारी घरी गेले आणि बाबांना म्हटलं, विचारा काहीही. त्यांनी विचारलं, मी चुटकीसरशी सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. आई कौतुकाने बघत होती. बाबा मात्र थांबले.

"हा चार कुठी लिहून आहे?"

"कुठे म्हणजे? चारच असतो. सगळ्यांना माहीत आहे."

"लिहून कुठी आहे?"

"बाबा, नाही लिहिलेला."

"आमच्याकडे," ते बिस्किटाचा पुडा खाली ठेवत म्हणाले, "सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीनंच बोटं जातात."

मला राग आला. इतका की मी चहा न पिता निघाले. ज्या माणसाला मीठ वाचायला लागतं, त्याने मला सलाईन शिकवावं? बसमध्ये खिडकीशी बसून मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते आणि प्रत्येक भांडणात जिंकत होते.

परीक्षेला आम्ही बाराजणी होतो आणि माझा नंबर शेवटचा. परीक्षक बाई त्याच, खडकवासल्याच्या. वॉर्डात, दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी टेबल मांडलं होतं. तिथे बसून आकडेमोड करायची, कागद त्यांना द्यायचा, आणि त्यांनी सांगितलं तरच खाटेपाशी जाऊन सलाईन लावायचं. खाटेवर एक निवृत्त मास्तर होते, पोटाचं ऑपरेशन झालेले. त्यांची आधीची बाटली संपत आली होती.

मुली आत जात होत्या आणि पाचच मिनिटांत हसत बाहेर येत होत्या. खाटेपाशी कोणालाच पाठवलं नाही आणि सगळ्यांचं उत्तर एकच, म्हणून सगळ्या खूश. माझी मैत्रीण बाहेर आली, माझ्यासमोरून जाताना तिने आधी दोन बोटं दाखवली, मग पाच. पंचवीस.

मी आत जाऊन बसले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, पाचशे मिली, पाच तासांत. टेबलावर बाटली आणि पाकिटातला नवा सेट. तासाला शंभर मिली. भागिले चार. पंचवीस. मैत्रिणीची बोटं, माझं उत्तर, सगळं जुळत होतं. मी कागदावर पंचवीस लिहिलंसुद्धा.

मग सेट उचलला. पाकीट नेहमीचं नव्हतं. नेहमीचं निळ्या अक्षरांचं असायचं, हे हिरव्या. त्या काळात दर महिन्याला कोणत्या तरी नव्या कंपनीचा माल येत होता, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. फाडायला बोट घातलं आणि कानात बाबा बोलले. कुठी लिहून आहे?

चिडूनच मी पाकीट वाचायला घेतलं. वाचते, म्हटलं, म्हणजे घरी जाऊन सांगता येईल की वाचलं आणि काही लिहिलेलं नव्हतं. कंपनीचं नाव. निर्जंतुक. पाकीट फाटलेलं असल्यास वापरू नये. आणि त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक मिली म्हणजे वीस थेंब.

वीस.

मी पुन्हा वाचलं. अकराजणींचं पंचवीस, आणि त्यात माझ्या मैत्रिणीचं, जी माझ्याहून चौपट हुशार. चूक त्यांची की माझी? आणि माझी असेल तर ट्रंकेतला अर्ज तयारच होता. मी पेन खाली ठेवलं आणि सिस्टरांसारखं स्वतःला विचारलं, विचारलंय काय? थेंब आणि मिनिटं. पाचशे मिलीचे, मिलीला वीस, थेंब दहा हजार. पाच तासांची मिनिटं तीनशे. दहा हजार भागिले तीनशे. तेहतीस आणि वर थोडे. तेहतीस. साधारण दोन सेकंदांना एक थेंब. डोळ्यांना पटलं.

पंचवीसवर काट मारून तेहतीस लिहिलं आणि कागद दिला.

परीक्षक बाईंनी वर पाहिलं. "बाकी सगळ्यांचं पंचवीस आहे. तुमचंही आधी तेच होतं. तेहतीस कुठून आणलंत?"

"पाकिटावरून."

"कुठे लिहिलंय?"

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि मागच्या वेळी जसा काढला होता तसाच काढला. "सकाळपासून वाट बघतेय," त्या म्हणाल्या. "पंचवीसने सोडलं असतं तर ही बाटली किती वेळ चालली असती?"

दहा हजार थेंब, मिनिटाला पंचवीस. "चारशे मिनिटं. पावणेसात तासांच्या आसपास."

"डॉक्टरांनी लिहिलेत पाच. जा, लावा."

मी गेले. थेंब पडतात ते चेंबर दाबून निम्मं भरून घेतलं, नळीतली सगळी हवा काढली आणि सेट जोडला. मग नळीवरची वेगाची चाकी हळूहळू सैल करून छातीवरच्या घड्याळाचा काटा आणि थेंब एकत्र धरले. पूर्ण एक मिनिट मोजलं. एकोणतीस. चाकी केसभर सोडली, पुन्हा मिनिटभर मोजलं. पस्तीस. थोडी आवळली.

"थेंब मोजताय की मुहूर्त काढताय?" मास्तरांनी विचारलं.

"हात हलवू नका, मुहूर्त टळेल," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे कसं निघालं मला माहीत नाही. मास्तर हसले आणि पोटाचे टाके धरून बसले. तिसऱ्यांदा मोजले. तेहतीस. पंधरा मिनिटांनी परत येऊन पाहिलं. पेशंटचा हात हलला की वेग बदलतो. तेहतीसच होते.

बाकीच्या अकराजणींना बाईंनी पुन्हा आत बोलावलं, पाकीट हातात दिलं आणि गणित पुन्हा करायला लावलं. सगळ्या पास झाल्या, पण प्रत्येकीला आपलं खास वाक्य मिळालं. माझी मैत्रीण बाहेर येऊन म्हणाली, "बाई म्हणाल्या, चाराने भागायचं असेल तर मंडईत जा." मग तिने मला घट्ट मिठी मारली.

मी ते रिकामं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि संध्याकाळी थेट घरी गेले. निकाल न सांगता पाकीट बाबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. वीस थेंबांशी आले तेव्हा थांबले, माझ्याकडे पाहिलं. मी फक्त मान हलवली. त्यांचे डोळे भरले, पण वाचन काही त्यांनी सोडलं नाही. शेवटची ओळ मोठ्याने वाचली, "एकदाच वापरा. वापरानंतर नष्ट करा."

उठले, ट्रंक उघडली, कॉम्प्युटर क्लासचा अर्ज काढला आणि त्याचे चार तुकडे केले. मग ते पाकीट सरळ करून माझ्या दाखल्यावर ठेवलं आणि ट्रंक लावली.

"बाबा," मी म्हटलं, "नष्ट पाकीट करायचं लिहिलंय."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "वाचलं मी."