टिपणताईची पाच ओळींची यादी

आमच्या डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात तिला सगळे टिपणताई म्हणतात. ऑफिसात तिचं टेबल माझ्या स्टोअरच्या खिडकीला लागून आहे, त्यामुळे तिचं कौतुक आणि तिची कटकट दोन्ही मला रोज फुकट मिळतात. कोणी तिच्यासमोर पाच मिनिटं बोललं की ती कागद पुढे ओढते आणि तीन गोष्टी लिहून काढते: कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत. घरीही तेच. सासूबाईंच्या गोळ्या, नवऱ्याची भाजी, मुलीचा गृहपाठ, सगळं स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेलं. सासूबाई म्हणतात, "माझं श्वास घेणं तेवढं लिहायचं राहिलंय हिचं."

मला आधी हे सगळं हास्यास्पद वाटायचं. पण पुढे माझ्याच स्टोअरचा गोंधळ तिच्या कागदांनी निस्तरला, तेव्हापासून मी तोंड आवरतं घेतलं.

त्या आठवड्यात मोठ्या वाफेच्या मशीनवरून रामायण चाललं होतं. डबे आत ठेवायचे, दार बंद करायचं, वाफेच्या दाबाने शिजवायचे, असं ते मशीन. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर, आमचं मुख्य ऑफिस आणि आमचे मॅनेजर साहेब यांच्यात तीन आठवडे इंग्रजी मेल चालल्या होत्या. एकूण त्रेचाळीस. प्रत्येक मेलच्या पोटात आधीच्या सगळ्या मेली, त्यामुळे छापलं तर रद्दीवाला खूश झाला असता.

साहेबांनी टिपणताईला बोलावलं. "मला इंग्रजीत अर्धं पान सारांश दे. काय ठरलं, काय अडलंय, धोका काय. खाली कामांची यादी. आणि ती यादी, फक्त यादी, मराठीत करून मामांना दे. त्यांना कामं हवीत, गोष्ट नको."

मामा म्हणजे आमचे फिटर. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. इंग्रजीतले मात्र फक्त आकडे ओळखतात. बावीस वर्षं त्या मशीनशी संसार केलाय त्यांनी.

टिपणताईने मेली सगळ्यांत जुनीपासून वाचल्या. नवव्या मेलमध्ये मशीनचा जुना दाबाचा स्विच कुरिअरने पाठवा म्हटलं होतं, एकतिसाव्यात नको म्हटलं होतं. तिने ते काम यादीतून काढलं. स्टोअरमधून घ्यायच्या रबरी रिंगचा नंबर होता तसाच ठेवला, कारण नंबराचं भाषांतर करायला गेलं की माझ्याकडे भलतीच रिंग मागायला येतात. पाच ओळी झाल्या. प्रत्येकीत नाव, काम, वेळ. तिसरी ओळ अशी: "मामा – सकाळच्या रिकाम्या चाचणीनंतर मशीन थंड झालं की दाराची रबरी रिंग बदलणे – आज दुपारी एक वाजता."

मामांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात काम. नाहीतर तुम्ही. एक बोल्ट द्यायला तासभर प्रवचन."

एक वाजायला दहा मिनिटं होती. मी एका पावतीवर सही घ्यायला टिपणताईच्या टेबलापाशी उभा होतो. चव्वेचाळिसावी मेल आली. तिने वाचली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं?"

"इंजिनियर विचारतोय, दाराचं काम करणाऱ्या माणसाला सांगितलंत ना?"

"काय सांगायचं होतं?"

तिने सकाळचा सारांश उघडला. त्यात, 'धोका' या शब्दाखाली, तिनेच लिहिलेली ओळ होती. दाबाचा स्विच अडकलाय, वाफ सोडणारा व्हॉल्व्हही अडकतो. त्यामुळे आत दाब असला तरी पॅनेलवर शून्य दिसेल आणि दाराचं कुलूप सुटेल. नवा स्विच येईपर्यंत दाराजवळचा कॉक, म्हणजे हाताने फिरवायची छोटी तोटी, उघडून वाफ येत नाही ना हे पाहिल्याशिवाय दार उघडू नये.

"हे यादीत नाही," ती म्हणाली. "ह्याला नाव नव्हतं, वेळ नव्हती. मला ते काम वाटलंच नाही. ते इंग्रजीत राहिलं."

मला माझं कपाट आठवलं. कारण दारावरचं काट्याचं गेज, ज्यात मामांना खरा दाब दिसला असता, ते तपासणीला पाठवायचं म्हणून माझ्याच कपाटात पडलं होतं.

मशीनच्या शेडमध्ये मोबाईल न्यायला बंदी आहे. आतला फोन तिने लावला, तो वाजत राहिला. मग ती धावली. मी तिच्या मागे, माझं हे शरीर घेऊन. हात धुवायच्या फाटकावरचा पहारेकरी ओरडला, "टोपी! टोपी घाला!" ती थांबली नाही. ओल्या फरशीवर तिची चप्पल सटकली, ती तिथेच टाकून ती अनवाणी पुढे गेली. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. उकळतं पाणी सांडलेल्या माणसाला मी एकदा पाहिलंय, तेच डोळ्यांसमोर येत होतं.

मामा आमच्याकडे पाठ करून उभे होते. कानांवर आवाज अडवणारे जाड कप. पॅनेलवर हिरवं शून्य. दोन्ही हात दाराच्या चाकावर.

"मामा!" ती किंचाळली. त्यांना ऐकू गेलं नाही. चाक थोडं फिरलं, मी स्वतः पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं. तिने जाऊन त्यांचा दंड दोन्ही हातांनी ओढला.

मामा दचकले, कानांवरचे कप काढून भडकले. "अगं पोरी, वेड लागलं का तुला? टोपी कुठाय?"

 ती नुसती त्या कॉककडे बोट दाखवत राहिली. मामांनी आधी चाक होतं तसं घट्ट केलं, आम्हाला मागे सारलं, हातमोजा नीट केला आणि बाजूला उभं राहून कॉक उघडला.

वाफ किंचाळत बाहेर आली. ती येतच राहिली. समोरची भिंत दिसेनाशी झाली. पॅनेलवर शून्यच होतं. 

आवाज थांबल्यावर मीच चिडून बोललो. भीती उतरली की मला राग येतो. "मामा, तो कॉक तुम्ही दर वेळी उघडून बघता. बावीस वर्षं बघताय. आजच काय झालं?"

मामांनी खिशातून कागद काढला. वाफेने तो ओला झाला होता.

"आज ह्यात नव्हतं," ते म्हणाले. "हात गेला होता माझा कॉककडे. मग म्हटलं, वरून मेलींमध्ये काहीतरी ठरलं असेल, आता लागत नसेल. लागत असतं तर ताईंनी लिहिलं असतं. त्या काही सोडत नाहीत."

ते तक्रार म्हणून बोलले नव्हते. टिपणताई तिथेच ओल्या फरशीवर बसली.