आतल्या टायरचा आवाज

दाजींच्या घराचं मागचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याच्याखाली एक लाकडी हातोडा सरकवलेला असतो. डोकं एका बाजूनं झिजून सपाट झालंय. लांब पल्ल्याची बस चालवायचे तेव्हा हा हातोडा त्यांच्या सीटमागे असायचा. थांबा आला की ते उतरून बसभोवती फिरायचे, प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचे आणि मगच चहाकडे वळायचे. नेहमीचे प्रवासी त्यांना ठोकेमामा म्हणायचे.

बसच्या मागच्या बाजूला जोडचाकं असतात. बाहेरचं दिसतं, आतलं झाकलेलं राहतं. आतल्याची हवा गेली तरी बाहेरचं भार उचलून धरतं, बस झुकत नाही. कळतं ते आवाजावरून. भरलेला टायर ठोका परत फेकतो, बसलेला गिळून टाकतो.

"थंडीत एखाद्या थांब्यावर ठोकायचं सोडायचे," त्यांचा मेहुणा सांगतो. तो त्याच बसवर कंडक्टर होता. "उन्हाळ्यात घसा कोरडा पडला तरी आधी ठोका."

त्याला कारण होतं. हवा कमी झालेल्या टायरची बाजू चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. तार सारखी वाकवली की हाताला गरम लागते, तसंच हे. गार दिवशी त्यातली बरीच उष्णता वाऱ्यावर निघून जाते. डांबर आणि हवा दोन्ही तापलेली असली की ती आतच साठते. रबर आणि त्यातल्या धाग्यांची पकड ढिली होते, आणि भर वेगात टायर फुटतो.

घरी टीव्हीचा आवाज वर्षागणिक चढत गेला, तेव्हा बायकोनं आपल्या भावाला बाजूला घेतलं. "बसच्या मालकाला यांच्या कानांचं बोलू नकोस. स्टीअरिंग सुटलं तर हा माणूस घरात आम्हाला जगू द्यायचा नाही."

मेहुणा बोलला नाही. चहाचा ग्लास घेऊन दाजींच्या मागे मागे फिरायला लागला. ते ठोकायचे, ऐकायचा हा. शंका आली तर काहीतरी निमित्त काढून स्वतः बघायचा.

मग ती उन्हाळ्याची दुपार. हायवेवरचा ढाबा, पत्र्याची सावली, आणि डाव्या मागच्या जोडचाकावर 'थप्प'. दाजी पुढे सरकले. प्रवासी आजूबाजूलाच उभे होते.

"दाजी, डावीकडचं आतलं परत ठोका."

"का रे? तुला गाणंबिणं कळायला लागलं?"

"ठोका तर."

त्यांनी ठोकलं. टायरकडे पाहण्याऐवजी मेहुण्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग हातोडा काखेत धरून पालथा हात डावीकडच्या टायरजवळ नेला, उजवीकडे जाऊन तिथंही नेला. डावीकडे हात ठरत नव्हता.

एक प्रवासी म्हणाला, "उन्हानं हवा फुगली असेल मामा. सगळ्यांतली थोडी थोडी सोडा."

"फुगू दे. सकाळी गार टायरात मोजून भरलीय, ती तापून वाढणार हे धरूनच. आत्ता सोडली तर टायर आणखी वाकेल, आणखी तापेल."

बस सावलीत निवू दिली. मग नट सैल करताना चाक उसळून अंगावर येऊ नये म्हणून त्यांनी आधी दोन्ही टायरांतली हवा पूर्ण काढली.

"आता सोडलीत ना?" तोच प्रवासी.

"आता त्याच्यावर बसून जायचं नाहीये, साहेब."

आतल्या टायरात खिळा होता. सकाळनंतर कधीतरी घुसलेला. बाजूला गोलाकार सुरकुती पडली होती आणि आतून रबराचा काळा भुगा निघाला. स्टेपनी चढवली, ढाब्याशेजारच्या पंक्चरवाल्याकडून बाहेरच्यात पुन्हा हवा भरून घेतली, हळू जाऊन पुढच्या गावात बाहेरचा टायरही बदलला. दोघांचा भार एकट्यानं ओढलेल्यावर दाजींचा भरवसा नव्हता.

गाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून ऐकतोयस?"

"मागल्या उन्हाळ्यापासून." हे त्याला मोठ्यानं सांगावं लागलं.

"चहा गार होत असेल तुझा."

"रोज."

बस मुक्कामाला लावली आणि ते तडक मालकाकडे गेले. "समोरचं सगळं दिसतंय," म्हणाले, "पण मागचं ऐकू येईना. मला उतरवा." मालकानं त्यांना आवारात ठेवलं. पुढची काही वर्षं, बस निघण्याआधी, पहाटेच्या गारव्यात गेज लावून ते हवा बघायचे. घरी ते कुणाला छळल्याचं ऐकिवात नाही. बायकोचा अंदाज तेवढा चुकला.

ती बस भंगारात गेली तेव्हा मेहुण्यानं सीटमागचा हातोडा तेवढा काढून आणला. अजूनही तो घरी आला की आधी मागच्या दाराशी जातो आणि हातोडा पायानं नीट आत सरकवतो. दार आपटलं तर दाजींना कळत नाही. बहीण दचकते.