मुक्कामी गाडीने फोडलेलं नाव

दैनिकातली उपसंपादकाची नोकरी सोडून मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पत्रकारिता शिकवायला लागलो, तेव्हाची ही गोष्ट.

पानरचना हा ऐच्छिक विषय विभागप्रमुख शिकवायचे. त्याला तीनच विद्यार्थी होते. दोन मुलं वसतिगृहात राहायची, एक मुलगी भंडारदऱ्याच्या बाजूच्या गावातून एसटीने यायची. तासाभराचं प्रात्यक्षिक चारला असायचं. विभागप्रमुख स्वतःचा खासगी क्लास आटोपून पाचला यायचे. तिची मुक्कामी गाडी साडेपाचची. ती चुकली की जीप फाट्यापर्यंतच, पुढे अंधारात पायी. आणखी एकदा उशीर झाला तर कॉलेज बंद, असं घरच्यांनी तिला बजावलं होतं.

सत्र संपायच्या आधी महिनाभर शिक्षकांविषयीच्या अभिप्रायाचा फॉर्म व्हॉट्सॲपवर आला. वर लिहिलं होतं, ‘आपली माहिती गोपनीय राहील.’ शिकवण्याची तयारी, वक्तशीरपणा वगैरेंना पाचपैकी गुण द्यायचे आणि शेवटी सूचनांचा रकाना. तिने वक्तशीरपणाला एक गुण दिला आणि सूचनेत लिहिलं : ‘प्रात्यक्षिक वेळेवर सुरू करावे. साडेपाचची गाडी चुकते.’

कॉलेजचा गुणवत्ता कक्ष हे सगळं विषयवार एकत्र करतो. सरासरीचा आलेख काढतो, सूचना जशाच्या तशा खाली जोडतो आणि विभागाकडे पाठवतो. विभागाने त्यावर काय केलं, याचा कार्यवाही अहवाल मूल्यांकन समितीसाठी संकेतस्थळावर टाकतो. अंतर्गत गुण तेव्हा अजून शिक्षकाच्याच हातात असतात.

विभागाच्या बैठकीत प्रमुखांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं.

“साडेपाचची गाडी! तिघांत गाडी कोणाला आहे हो?” ते हसले. “आता एसटीला विचारून तास घ्यायचे आम्ही.”

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारातून मी प्रमुखांचा आवाज ऐकला.

“काय बाईसाहेब, गाडी थांबवून ठेवलीय का डेपोत?”

मुलं खाली बघत राहिली.

“लिहा, लिहा. इंटर्नलचे गुणही आम्हीच लिहितो.”

हेच गृहस्थ सकाळी पहिल्या वर्षाला बातमीच्या सूत्राची गुप्तता शिकवत.

मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी शांतपणे फॉर्म उघडून दाखवला. नाव नाही, हजेरी क्रमांक नाही, ईमेल गोळा करण्याची सोय बंद. खरंच होतं.

“मग नाव फुटलं कुठून, सांगा बरं?”

“वर्ग तिघांचा आहे, सर. वर्तमानपत्रात आम्ही नुसतं नाव गाळत नव्हतो. गाव, नातं, गाडीची वेळ, सगळं गाळायचो. लहान वर्गांच्या सूचना विभागाला देऊ नका. निदान गुण जमा होईपर्यंत तरी.”

“मूळ सूचनेत फेरफार केला तर समितीला काय दाखवू? आणि तुमची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, हे माहीत आहे ना?”

माहीत होतं. त्यांनी ते इतक्या सौजन्याने सांगितलं की मला संताप आला तो जिना उतरून खाली आल्यावर.

आठवड्याने कार्यवाही अहवाल संकेतस्थळावर आला. पानरचनेपुढे लिहिलं होतं : ‘संबंधित विद्यार्थिनीचे समुपदेशन करण्यात आले.’ तीन जणांच्या वर्गात एकच विद्यार्थिनी. नावाची जागा कोरी ठेवून त्यांनी तिचं नाव साऱ्या जगाला सांगितलं होतं.

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला.

“सर, समुपदेशन म्हंजे त्या दिवशी बोलले ते व्हय?”

“हो. तेच.”

“मंग नाव लपवून काय मिळालं मला?” तिने वहीतलं पान फाडलं. “आता नाव टाकूनच देते. समद्यांना म्हाईतच हाय.”

“गुणांचं काय?”

“त्ये कसंबी कापनारच हायेत. गाडी तरी घावंल.”

तिने प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, प्रत्येक प्रात्यक्षिक किती वाजता सुरू झालं ते त्यात मांडलं, खाली पूर्ण नाव, गाव आणि सही. आवक लिपिकाने शिक्का मारून पोच दिली. निनावी फॉर्मला अशी पोच कधी मिळत नाही. शिक्क्याच्या कागदाला लेखी उत्तर द्यावं लागतं. पुढच्या प्रात्यक्षिकाला विभागप्रमुख चारला हजर होते.

तिला उरलेल्या सत्रात रोज गाडी मिळाली. अंतर्गत गुण मात्र विभागप्रमुखांनी काठावर पास होण्यापुरते दिले. दोन्ही मुलांना तिच्या दुपटीच्या जवळपास. पुढच्या सत्रात फॉर्म पुन्हा आला. वर तेच वाक्य होतं. तिघांनीही सगळीकडे ‘उत्कृष्ट’ निवडलं आणि सूचनेचा रकाना रिकामा सोडला. सरासरी वाढली म्हणून बैठकीत विभागाचं अभिनंदन झालं. मी टाळी वाजवली नाही.